अंदाज धाकट्याचा, निर्णय थोरल्याचा

30 नोव्हेंबर 2022 रोजी ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले. त्याच दिवशी गूगलमधल्या यानिव लेव्हायथन, मातान काल्मन आणि योसी मातियास या तिघांनी अर्काइव्ह या संशोधन-संग्रहावर एक निबंध ठेवला. पहिल्या घटनेचा गाजावाजा जगभर झाला. दुसरीची दखल त्या क्षेत्रात काम करणाऱ्या मोजक्या लोकांनी घेतली. असली मोठी भाषा-मॉडेल उत्तर देताना एकेक तुकडा टाकत रेंगाळतात, ती दुप्पट-तिप्पट वेगाने कशी बोलतील, हा त्या निबंधाचा विषय होता. वेग वाढवताना उत्तराचा दर्जा तसूभरही उतरणार नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले होते. या युक्तीला त्यांनी ‘स्पेक्युलेटिव्ह डिकोडिंग’ म्हटले. एक छोटे मॉडेल पुढच्या काही शब्दांचा अंदाज बांधते आणि मोठे मॉडेल तो एका दमात तपासते, एवढाच तिचा गाभा. मात्र ही साधी वाटणारी कल्पना विश्वासाने वापरता येण्याजोगी व्हायला पाच वर्षे लागली.

सुरुवात 2017 मध्ये होते. त्या वर्षी गूगलशी संबंधित आठ संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर ही रचना मांडली. त्या आठांतल्या निकी परमार यांनी अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयातून घेतली होती. ट्रान्सफॉर्मरच्या आधीची भाषा-यंत्रे वाक्य डावीकडून उजवीकडे, शब्दामागून शब्द असे वाचत. ट्रान्सफॉर्मर आख्खा मजकूर एकाच वेळी नजरेखाली घालू शकत होता, त्यामुळे त्याला शिकवणे फार वेगाने होऊ लागले. आजची सगळी मोठी मॉडेल या एका सोयीवर उभी राहिली.

पण ही सोय शिकताना होती, लिहिताना नव्हती. मॉडेल मजकूर लिहिते ते टोकनांत. टोकन म्हणजे एखादा शब्द किंवा शब्दाचा तुकडा. ‘लोणी काळभोर हे पुणे जिल्ह्याच्या हवेली’ इथवर मजकूर आला की मॉडेल त्यावरून पुढच्या प्रत्येक संभाव्य टोकनाची शक्यता काढते, त्यातले एक उचलते, मजकुराला जोडते आणि त्याच्या पुढच्या टोकनासाठी पुन्हा चालते. ‘तालुक्यातील’ हा शब्द ठरल्याशिवाय त्याच्या पुढच्या शब्दाचा विचारच करता येत नाही. शंभर टोकनांचे उत्तर हवे तर आख्खे मॉडेल शंभर वेळा चालवावे लागते, आणि या शंभर फेऱ्या एकापाठोपाठ एकच होऊ शकतात.

एका फेरीला वेळ कशामुळे लागतो, हे कळले की पुढची गोष्ट आपोआप उलगडते. 7,000 कोटी आकड्यांचे, म्हणजे इंग्रजी हिशेबाने 70 बिलियनचे एक मॉडेल घ्या. प्रत्येक आकड्याला 2 बाइट धरले तर मॉडेलचे वजन 140 जीबी झाले. एनव्हिडियाच्या ए100 जातीच्या 80 जीबीच्या दोन जीपीयूंवर ते कसेबसे मावते. एक टोकन काढायचे तर हे सगळे 140 जीबी स्मृतीतून गणन-केंद्रांपर्यंत आणावे लागतात. प्रत्येक जीपीयू सेकंदाला सुमारे 2,000 जीबी वाहून आणतो, दोघे मिळून 4,000. म्हणजे नुसत्या वाहतुकीलाच सुमारे 35 मिलिसेकंद गेले. आता प्रत्यक्ष आकडेमोड बघा. एका टोकनासाठी साधारण 14,000 कोटी क्रिया लागतात आणि हे दोन जीपीयू मिळून त्या पाव मिलिसेकंदाच्या आत उरकू शकतात. गोदामातला सगळा माल कारखान्यात आणायचा, त्यातून एक वस्तू बनवायची आणि पुढच्या वस्तूसाठी तोच माल पुन्हा पहिल्यापासून ओढून आणायचा, असा हा कारभार आहे. एकट्या माणसाला उत्तर देताना यंत्राची गणनशक्ती शंभरातले नव्व्याण्णव हिस्से वेळ रिकामी बसलेली असते.

याचा दुसरा अर्थ असा की तोच 140 जीबीचा माल एकदा आणून एकाऐवजी पाच टोकनांचा हिशेब केला, तर वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. पाच टोकने लिहिता येत नाहीत, कारण प्रत्येकासाठी आधीचे ठरलेले लागते. पण पाच टोकने कोणी आधीच समोर ठेवली असतील तर ती तपासता येतात. ट्रान्सफॉर्मर शिकताना जे करतो, म्हणजे समोरच्या मजकुरातल्या प्रत्येक जागी ‘इथे मी काय लिहिले असते’ हे एकदम काढतो, तेच तपासणीतही करायचे असते. लिहिणे महाग आणि तपासणे स्वस्त, ही विषमता या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

ती सर्वात आधी हेरली ट्रान्सफॉर्मरच्याच घरातल्या लोकांनी. 2018 मध्ये मिचेल स्टर्न यांनी नोम शझीर आणि याकोब उस्कोराइट यांच्यासोबत ‘ब्लॉकवाइज पॅरलल डिकोडिंग’ ही पद्धत मांडली. शझीर आणि उस्कोराइट ही दोन्ही नावे 2017 च्या निबंधावर आहेत. त्यांनी मॉडेलच्या शेवटी काही जादा शाखा जोडल्या. मूळ शाखा पुढचे टोकन सांगायची, दुसरी त्याच्या पुढचे, तिसरी त्याच्याही पुढचे. मग मूळ मॉडेलने हा पुंजका तपासायचा, पहिली चूक सापडेपर्यंतचा भाग ठेवायचा, बाकीचा टाकून द्यायचा. भाषांतराच्या कामात फेऱ्यांची संख्या दर्जा न गमावता निम्म्यावर आली. अंदाज आणि पडताळणी ही जोडी इथे पूर्ण स्वरूपात दिसते.

तरीही या कामाला लगेच फाटे फुटले नाहीत. माझ्या मते त्याची कारणे दोन. त्या वेळची मॉडेल आजच्या मानाने लहान होती, त्यामुळे वाहतुकीचा खर्च कोणाला फारसा बोचत नव्हता. 2020 मध्ये 17,500 कोटी आकड्यांचे जीपीटी-3 आले आणि चित्र पालटले. दुसरे कारण अधिक खोल आहे. स्टर्न यांची पद्धत फक्त तेव्हाच अचूक होती, जेव्हा मॉडेल प्रत्येक वेळी सर्वाधिक शक्यतेचे टोकनच निवडते. तेव्हा तपासणी सोपी असते, कारण अंदाज जुळला की नाही एवढेच पाहायचे. गप्पा मारणारी, गोष्टी लिहिणारी मॉडेल मात्र तसे करत नाहीत. ती शक्यतांच्या प्रमाणात फासे टाकून निवड करतात, म्हणून एकाच प्रश्नाला दोनदा दोन वेगळी उत्तरे येतात. फासे टाकणाऱ्याचा अंदाज ‘बरोबर’ आला असे कधी म्हणायचे?

2022 च्या मार्चमध्ये पेकिंग विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या आशियातल्या संशोधकांनी, हेमिंग शिया आणि सहकाऱ्यांनी, भाषांतरासाठी वेगळे स्वतंत्र मसुदा-मॉडेल वापरून पाहिले. ‘स्पेक्युलेटिव्ह डिकोडिंग’ हे शब्दही त्यांच्या लेखनात आहेत. वर उभा केलेला प्रश्न त्यांनी सोडवला नाही; वेगासाठी तपासणी थोडी सैल केली. मसुद्यातले टोकन मोठ्या मॉडेलच्या पहिल्या काही पसंतींत असेल आणि पहिल्या पसंतीपासून फार मागे नसेल, तर ते चालवून घ्यायचे. भाषांतराला हे पुरले, पण अशा सैल तपासणीत निघालेला मजकूर मोठ्या मॉडेलचाच आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ते म्हणता येईल असा नियम 30 नोव्हेंबरच्या निबंधात आला. लेव्हायथन आणि सहकाऱ्यांनी प्रेरणा घेतली संगणकाच्या प्रोसेसरकडून. प्रोग्रामची वाट पुढे कुठे वळणार हे कळण्याआधीच प्रोसेसर अंदाजाने एका वाटेचे काम करून ठेवतो आणि अंदाज चुकला तर ते टाकून देतो. तिथे अंदाज बरोबर असतो किंवा चूक. भाषेत तो अंशतः बरोबर असू शकतो, आणि त्या अंशाचा हिशेब त्यांनी मांडला.

तो एका उदाहरणात पाहू. वाक्य आहे ‘लोणी काळभोर हे पुणे–सोलापूर रस्त्यावरचे एक’. पुढे ‘गाव’ किंवा ‘शहर’ हे दोनच शब्द येऊ शकतात असे समजू. धाकट्या मॉडेलच्या मते ‘शहर’ची शक्यता शंभरात 60 आणि ‘गाव’ची 40. थोरल्याच्या मते ‘शहर’ 30 आणि ‘गाव’ 70. नियम असा: धाकट्याने सुचवलेल्या शब्दाला थोरल्याने तितकीच किंवा अधिक शक्यता दिली असेल तर तो बिनशर्त स्वीकारायचा. कमी दिली असेल तर दोन्हींच्या गुणोत्तराइतक्या शक्यतेने स्वीकारायचा. नाकारला, तर थोरल्याचा धाकट्यापेक्षा ज्या शब्दांकडे जास्त कल होता, त्यांच्यातूनच, त्या जादा कलाच्या प्रमाणात, नवा शब्द काढायचा.

हे शंभर वेळा करून बघा. धाकटे 40 वेळा ‘गाव’ म्हणेल, ते सर्व स्वीकारले जाईल. 60 वेळा ते ‘शहर’ म्हणेल. 30 भागिले 60 म्हणजे निम्मे, म्हणून त्यातले 30 स्वीकारले जातील आणि 30 नाकारले जातील. नाकारलेल्या प्रत्येक वेळी नवा शब्द काढायचा. थोरल्याचा जादा कल फक्त ‘गाव’कडे आहे, म्हणून त्या तिसही वेळा ‘गाव’ येईल. बेरीज झाली ‘गाव’ 70, ‘शहर’ 30. थोरल्या मॉडेलने एकट्याने लिहिले असते तर नेमके हेच प्रमाण पडले असते. धाकटे मॉडेल कितीही अडाणी असले तरी बेरीज बदलत नाही. ते अडाणी असेल तर नकार वाढतील आणि वेग घटेल, पण उत्तराच्या गुणाला धक्का लागणार नाही. मला या सगळ्या इतिहासातला सर्वात सुंदर क्षण हाच वाटतो. चुकीची सगळी किंमत वेळेच्या खात्यावर टाकून त्यांनी दर्जाचे खाते कोरे ठेवले.

अंदाजांची रांग जिथे पहिल्यांदा तुटते तिथे थांबायचे आणि त्यापुढचे सगळे फेकायचे. तरी प्रत्येक फेरीत निदान एक टोकन थोरल्याचे स्वतःचे मिळतेच, कारण तुटलेल्या जागी काय यायला हवे होते हे तपासणीतूनच कळते. रांग तुटलीच नाही, तर शेवटी एक जादा टोकन पदरात पडते. सात टोकने सुचवली आणि प्रत्येक स्वीकारले जाण्याची शक्यता शंभरात 75 असली, तर एका फेरीत सरासरी 3.6 टोकने हाती लागतात.

गूगलच्या तिघांनी इंग्रजीतून जर्मनमध्ये भाषांतर करणारे टी5 हे 1,100 कोटी आकड्यांचे मॉडेल थोरले म्हणून घेतले आणि धाकटे म्हणून त्याच कुळातली तीन वेगवेगळी मॉडेल लावून पाहिली. 80 कोटींच्या मॉडेलचे अंदाज सर्वात जास्त जुळले, शंभरात 82, पण एकूण वेग 1.7 पटच वाढला. 25 कोटींच्या मॉडेलने 2.8 पट दिला. सर्वात लहान, 7.7 कोटींच्या मॉडेलचे अंदाज शंभरात 75 जुळत होते आणि वेग 3.4 पट झाला. कारण मसुदाही एकेक टोकन करूनच लिहावा लागतो, आणि मसुदा लिहायलाच वेळ गेला तर तपासणीतली बचत त्यातच संपते.

दोनच महिन्यांनी, 2 फेब्रुवारी 2023 रोजी, डीपमाइंडच्या चमूने जवळपास हीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली. चार्ली चेन त्याचे पहिले लेखक. पुढे 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे जॉन जम्पर हेही त्या लेखकांत आहेत. स्वीकार-नकाराचा नियम दोन्हीकडे तोच होता. डीपमाइंडने तो 7,000 कोटी आकड्यांच्या चिंचिला या खऱ्याखुऱ्या मोठ्या मॉडेलवर चालवून दाखवला. त्यांच्या 16 टीपीयूंच्या यंत्रावर चिंचिलाला एका टोकनाला 14.1 मिलिसेकंद लागत. मसुद्यासाठी त्यांनी 400 कोटींचे मॉडेल मुद्दाम घडवले. सोळा चिपांवर पसरलेल्या मॉडेलमध्ये प्रत्येक थरागणिक चिपांना आपापसात निरोप द्यावे लागतात, म्हणून त्यांनी थर फक्त आठ ठेवले आणि प्रत्येक थर रुंद केला. ते 1.8 मिलिसेकंदात एक टोकन देऊ लागले. बातम्यांचा सारांश करताना एकूण वेग सुमारे दुप्पट झाला, संगणकाचे कोड लिहिताना 2.46 पट. कोडमध्ये पुढे काय येणार ते बरेचसे ठरलेले असते, म्हणून अंदाज अधिक जुळतात.

2023 च्या जुलैत होनोलुलूच्या आयसीएमएल परिषदेत गूगलचा निबंध सादर झाला आणि त्यानंतर वाटा झपाट्याने फुटल्या. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अपूर्व सक्सेना यांनी दाखवले की काही कामांत धाकटे मॉडेल लागतही नाही. समजा तुम्ही लोणी काळभोरच्या एखाद्या सातबाऱ्याचा मजकूर देऊन त्याचा सारांश मागितलात. गट क्रमांक, खातेदारांची नावे, गावाचे आणि तालुक्याचे नाव उत्तरात जसेच्या तसे येणार. मग शेवटचे दोन-तीन शब्द मूळ मजकुरात कुठे आहेत ते शोधायचे आणि तिथून पुढचे शब्द मसुदा म्हणून उचलायचे. 2024 च्या जानेवारीत निबंधरूपात आलेल्या मेडुसा या पद्धतीने स्टर्न यांच्या जादा शाखांची कल्पना पुन्हा वर काढली, आणि त्याच महिन्यात निबंधरूपात आलेल्या ईगलने थोरल्या मॉडेलच्याच आतल्या थरातली माहिती मसुद्यासाठी वापरली. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या डीपसीक-व्ही3 ला तर शिकतानाच एकाहून अधिक टोकने पुढे पाहण्याची सवय लावली होती. त्याचा दुसऱ्या टोकनाचा अंदाज शंभरात 85 ते 90 वेळा स्वीकारला जातो आणि वेग 1.8 पट मिळतो, असे त्याच्या कर्त्यांनी नोंदवले. त्याच डिसेंबरात गूगलने आपल्या शोध-उत्तरांत ही युक्ती वापरात असल्याचे सांगितले.

या विस्तारात एक गोष्ट निसटू शकते. मेडुसाने वेगासाठी पुन्हा सैल तपासणीचा पर्याय दिला. तो निवडला की 70–30 ची हमी संपते. निदान पहिल्या पसंतीच्या निवडीपुरती हमी शाबूत आहे की नाही हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. मॉडेलला फासे न टाकता दर वेळी पहिली पसंतीच निवडायला लावायची आणि युक्तीसह व युक्तीविना आलेली उत्तरे टोकनागणिक ताडून पाहायची. दशांशाच्या गोळाबेरजेतून क्वचित पडणारा फरक सोडला तर ती तंतोतंत जुळली पाहिजेत. अर्ध्या वाक्यानंतर मजकूर बरळू लागला तर बहुधा नाकारलेल्या टोकनांचा हिशेब स्मृतीतून पुसायचा राहिलेला असतो, आणि मॉडेल कधी न लिहिलेले शब्द लिहिलेच आहेत असे धरून पुढे जात असते. वर सांगितलेला नियम जसाच्या तसा वापरायचा तर दोन्ही मॉडेलांचा टोकनकोशही एकच लागतो, नाहीतर धाकट्याचे टोकन थोरल्याला थेट तपासता येत नाही.

दुसरी मर्यादा आकड्यांच्या हिशेबातूनच येते. रिकाम्या बसलेल्या गणनशक्तीचा उपयोग करणे ही या युक्तीची सगळी कमाई. एकाच यंत्रावर शेकडो माणसांची उत्तरे एकदम लिहिली जात असतील, तर 140 जीबी एकदा आणून सर्वांचे एकेक टोकन निघते आणि गणनशक्ती रिकामी राहतच नाही. अशा गर्दीत नाकारले जाणारे प्रत्येक टोकन दुसऱ्या कोणाचा तरी वेळ खाते. म्हणून सेवा चालवणारे गर्दी वाढली की अंदाजाची लांबी कमी करतात किंवा युक्ती बंदच ठेवतात.

मराठीत हे प्रकरण वेगळे वळण घेते, आणि माझी आस्था तिथे आहे. प्रामुख्याने इंग्रजीवर पोसलेल्या मॉडेलांचा टोकनकोश मराठी शब्दाचे बारीक तुकडे करतो. बेंगळुरूच्या सर्वम एआयने ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी सर्वम-1 हे मॉडेल आणले. तेव्हा त्यांनी त्यांच्या कोशात दर शब्दाला 1.4 ते 2.1 टोकने लागतात आणि इतर बहुभाषक मॉडेलांना 4 ते 8 लागतात, असे सांगितले होते. तुकडे जितके जास्त तितक्या फेऱ्या जास्त, म्हणजे तेच उत्तर मराठीत उशिरा संपते.

अशा कोशावर स्पेक्युलेटिव्ह डिकोडिंग लावले तर आकडे फसवे दिसू शकतात. ‘काळभोर’मधला ‘ळ’ संगणकात तीन बाइटांनी लिहिला जातो, `E0 A4 B3`. कोशात ते अक्षर नसेल तर मॉडेल त्याचे हे तीन बाइट तीन वेगळी टोकने म्हणून लिहिते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह `E0` ने सुरू होते आणि दुसरा बाइट `A4` किंवा `A5` एवढाच असू शकतो. हे दोन अंदाज अगदी लहान मॉडेलही बहुतेक वेळा अचूक करते. खरे अक्षर ठरते ते तिसऱ्या बाइटला. पहिले दोन नेहमी जुळले आणि तिसरा निम्म्या वेळा जुळला, तर स्वीकाराचा दर शंभरात 83 दिसेल, जरी धाकट्याला अक्षर ओळखता येण्याची शक्यता पन्नासच असली. कोशाने आधी वाया घालवलेला वेळच त्यात परत मिळालेला असतो.

भाषेप्रमाणे वेगळे मसुदा-मॉडेल घडवले की वेग वाढतो, असे कोरियातल्या संशोधकांनी 2024 मध्ये परदेशी भाषांतून इंग्रजीत भाषांतर करताना दाखवले आहे. मराठीसाठी तसे करताना कच्चा माल अगदीच नाही असे नाही. पुण्याच्या एल3क्यूब गटाने 2022 मध्ये मराठीचे मजकूरसंग्रह आणि मॉडेल खुली केली आहेत. त्यांतली बहुतेक मॉडेल मजकूर समजून घेण्यासाठी आहेत, लिहिण्यासाठी नव्हेत, म्हणून ती थेट मसुद्याला जुंपता येणार नाहीत. त्यांच्या संग्रहावर शिकवलेले, थोरल्याच्याच कोशात बोलणारे काही कोटी आकड्यांचे लहान मॉडेल मात्र घडवता येईल. त्याचा उपयोग मोजताना स्वीकाराचा दर बाजूला ठेवून सेकंदाला किती मराठी शब्द पुरे झाले ते मोजावे लागेल, आणि ते एकट्या वापरकर्त्यासाठी वेगळे व गर्दीच्या वेळी वेगळे.